७४ आणि ४८: तिसरं वाचन कसं करायचं?

पुरवणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवते. पेपर तपासायला लागून बारा वर्षं झाली, पण तिसरी परीक्षक म्हणून नेमणूक पहिल्यांदाच आली आहे आणि जरा गोंधळले आहे.

एम.ए.चा लघुप्रबंध आहे, १०० गुणांचा. विषय ऊसतोड महिलांचा, म्हणजे उचल कोण घेतं, कोणाच्या हातात पडते, फेडतं कोण, असा. (विषय आणि आकडे थोडे बदलले आहेत, शोधत बसू नका.) पहिले परीक्षक म्हणजे मुलीचे मार्गदर्शकच. त्यांनी ७४ दिलेत. दुसरे बाहेरचे, त्यांनी ४८. फरक १५ च्या वर गेला की तिसऱ्याकडे पाठवायचं, आणि मग तिघांच्या गुणांपैकी जे दोन एकमेकांच्या जास्त जवळ असतील त्यांची सरासरी, असा नियम आहे. पत्रात "सकारण अहवालासह गुण कळवावेत" एवढंच लिहिलंय.

दोघांचे शेरे आणि निकषवार गुण परीक्षा विभागाकडे आहेत, मागितले तर देतील. वाचायच्या आधी मागवू की नंतर? आणि "सकारण" म्हणजे नेमकं किती? एक परिच्छेद की चार पानं?

---

दशांश | सोमवार, रात्री १०:०५

एवढा घोळ कशाला? दोघंही परीक्षक पात्र, दोघांनीही पूर्ण वाचलं. ७४ अधिक ४८ भागिले दोन, ६१. एकाची चूक वरच्या बाजूला, दुसऱ्याची खालच्या बाजूला, सरासरीत दोन्ही कटतात. एजवर्थने १८८८ साली परीक्षांच्या गुणांवर लिहिलं ते हेच, की परीक्षकांचे गुण म्हणजे मोजमाप आहे आणि मोजमापात चूक असतेच. तिसरा माणूस आला की तिसरी चूक आली.

---

मीनल७८ | सोमवार, रात्री १०:२१

आमच्या मुलीला बारावीला फिजिक्समध्ये अपेक्षेपेक्षा २२ कमी आलेत. आम्हीपण असं तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवू शकतो का? फी किती असते? कृपया लवकर सांगा, मुदत संपत आलीय.

---

जुना_नियामक | सोमवार, रात्री ११:१२

मीनलताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे दोन परीक्षकांचे दोन आकडे नाहीत. एका परीक्षकाचा गुण आणि तुमची अपेक्षा आहे. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना दाखवा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. नुसत्या गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढंच पाहतात.

पुरवणीताई, शेरे आधी मागवू नका. तुम्ही ७४ आणि ४८ पाहिलेत हेच मुळात व्हायला नको होतं. परीक्षा विभागाने मुखपृष्ठावर आकडे लिहून पाठवले असणार. आता पुसता येणार नाहीत. पण निकषवार गुण तुम्हाला ठाऊक नाहीत ही जमेची बाजू आहे, ती राखा.

असं करा. लघुप्रबंध वाचा, निकषवार गुण द्या, आणि बेरीज करू नका. प्रत्येक निकषाचा गुण वेगळ्या कागदावर लिहा, कागद पालथा ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढचा निकष. बेरीज डोळ्यांसमोर असली की हात आपोआप मधल्या आकड्याकडे सरकतो. मी स्वतः सरकवलेला आहे, म्हणून सांगतोय.

सकारण म्हणजे किती हे नंतर. आधी वाचा.

---

रानवाट | मंगळवार, सकाळी ७:३०

मला वाचायचीही गरज वाटत नाही, ४८ का पडले ते आत्ताच सांगतो. बाहेरचे परीक्षक सर्वेक्षणवाले असणार. प्रश्नावली नाही, दोनशेचा नमुना नाही, म्हणजे संशोधनच नाही. माझ्या प्रबंधाला हेच ऐकलंय. फडात जाऊन, पाचरटात बसून बायकांशी बोलणं म्हणजे काय हे खुर्चीत बसून कळत नाही. ताई, तो ४८ सरळ बाजूला ठेवा.

---

जुना_नियामक | मंगळवार, सकाळी ८:०२

रानवाट, तुमचा अंदाज खरा निघेलही. पण न वाचता एका परीक्षकाला बाद करायचं, तर मग मार्गदर्शकांनाही त्याच न्यायाने बाद करा. त्यांनी दोन वर्षं त्या मुलीची धडपड पाहिलीय. त्यांनी वाचताना पानावर नसलेलंही वाचलं असेल.

दशांश, सरासरीचं तुमचं म्हणणं दोन-चार गुणांच्या फरकाला लागू पडतं. तिथे दोघं एकच वस्तू मोजतायत आणि काटा थोडा इकडे-तिकडे हलतोय. २६ चा फरक पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या वस्तू मोजत असतात. एकाने कापड मीटरने मोजलं आणि दुसऱ्याने वजन केलं, तर त्यांची सरासरी कशाची? ६१ हा गुण तर दोघांपैकी कोणालाच मान्य नाही. विचारा त्यांना.

---

दशांश | मंगळवार, सकाळी ८:४०

ठीक आहे, २६ ला सरासरी नको, मान्य. पण मग तुमचा तो "जवळच्या दोघांची सरासरी" नियम बघा काय करतो ते.

ताईंचा गुण ६२ आला समजा. ७४ पासून १२ लांब, ४८ पासून १४ लांब. म्हणजे ७४ आणि ६२ ची सरासरी, ६८. आता ताईंनी दोनच गुण कमी दिले, ६०. आता ४८ जवळ आला. ६० आणि ४८ ची सरासरी, ५४. तिसऱ्या परीक्षकाचे दोन गुण इकडचे तिकडे, आणि मुलीच्या निकालात १४ गुणांची दरी! आणि बरोबर ६१ आला तर काय, हे नियमात लिहिलंय का?

---

जुना_नियामक | मंगळवार, सकाळी ८:५५

गणित बरोबर आहे. पण हे तुम्ही त्यांना वाचायच्या आधी सांगायला नको होतं हो.

---

पुरवणी | मंगळवार, दुपारी १:१५

वाचलं मी. आता विसरू कसं?

म्हणजे मी गुण देत नाहीये, मुलगी ५४ वर जाणार की ६८ वर हे ठरवतेय. नियमात ६१ बद्दल काही लिहिलेलं नाही, पत्र पुन्हा पाहिलं. बेरीज न करण्याचा उपाय आता जास्तच पटला. पाच निकष आहेत: विषयमांडणी १५, पूर्वसाहित्य २०, पद्धत २५, विश्लेषण ३०, लेखन आणि संदर्भ १०. उद्यापासून रोज एक.

---

ओव्हरकोट | मंगळवार, रात्री ११:५०

मी इंग्लंडमध्ये शिकवते, म्हणून तिथली पद्धत सांगते. आमच्या विभागात दोन परीक्षक आधी स्वतंत्र गुण देतात, मग समोरासमोर बसतात आणि एका गुणावर यायचा प्रयत्न करतात. का बदलला ते दोन-तीन ओळींत लिहून ठेवावं लागतं. जमलंच नाही तर तिसरा. नुसती सरासरी काढलेली चालत नाही, कारण द्यावं लागतं.

ऐकायला छान वाटतं ना? प्रत्यक्षात नवी नेमणूक झालेली बाई आणि पंचवीस वर्षांचे प्राध्यापक समोरासमोर बसले की "एकमत" कुठे होतं ते मी पाहिलंय. माझ्या पहिल्या वर्षी मी ५२ दिले होते. चहा संपेपर्यंत ते ६४ झाले होते आणि नोंदीत लिहिलं, "चर्चेअंती". त्या मानाने तुमचा एकटीने वाचायचा मार्ग बरा.

---

जुना_नियामक | बुधवार, सकाळी ६:४५

"चर्चेअंती" हा शब्द आमच्याकडेही फार कामाचा आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. दोघा परीक्षकांनी एकच प्रत वाचली याची खात्री केलीत का? माझ्या नियामकपणाच्या काळात एका उत्तरपत्रिकेत १९ चा फरक निघाला होता. मोठमोठे तर्क चालले होते. शेवटी कळलं की पुरवणीचा दोरा सुटलेला होता, ती गठ्ठ्यात खाली पडली होती, आणि एका परीक्षकाने एक आख्खा प्रश्न पाहिलेलाच नव्हता. फरक मोठा असला की आधी दोरा तपासायचा, विचारसरणी नंतर.

तुमच्याकडे आलेली प्रत किती पानांची आहे?

---

पुरवणी | बुधवार, दुपारी २:३०

माझ्याकडे बांधीव प्रत आहे, परिशिष्टासह ९७ पानं. दुसऱ्या परीक्षकांना मेलवर फाइल गेली होती. परीक्षा विभागात विचारलं. तिथल्या ताई म्हणाल्या, बघून सांगते.

---

मीनल७८ | बुधवार, दुपारी ३:१०

छायांकित प्रतीसाठी अर्ज केला. धन्यवाद नियामक सर. पण बेरीज बरोबर असेल तर मग काय?

---

जुना_नियामक | बुधवार, दुपारी ४:००

मग प्रश्नागणिक पाहा, कुठे कापले आहेत. २२ गुण सगळीकडे थोडे थोडे गेलेत की एकाच जागी गेलेत, यावर पुढचं ठरेल. इथे पुरवणीताई तेच करतायत.

---

पुरवणी | बुधवार, संध्याकाळी ६:२०

परीक्षा विभागाचा फोन आला. दुसऱ्या परीक्षकांना गेलेली फाइल ८४ पानांची आहे. परिशिष्ट त्यात नाहीच. मुलाखतीला काय विचारलं ती यादी, संमतीपत्राचा नमुना, बायकांची टोपणनावं आणि वयं यांचा तक्ता, सगळं त्या १३ पानांत आहे. मुलीने आधी एक फाइल दिली, नंतर बांधीव प्रत दिली, आणि फाइल बदलायची राहिली.

आता काय करायचं? वाचन थांबवू का?

---

रानवाट | बुधवार, संध्याकाळी ६:४५

बघा! सांगितलं होतं ना, ४८ बाजूला ठेवा म्हणून.

---

जुना_नियामक | बुधवार, रात्री ८:१०

तुम्ही वेगळं कारण सांगितलं होतं, रानवाट.

ताई, वाचन थांबवू नका, पण हे आजच लेखी कळवा. तुमच्या अहवालात नाही, वेगळ्या पत्राने. परिशिष्ट पाठवून दुसऱ्या परीक्षकांना पद्धतीचा निकष पुन्हा पाहायला सांगायचं की नाही, हा निर्णय परीक्षा विभागाचा. तुमचं काम हातातली प्रत वाचणं. आणि अजून शेरे उघडू नका. १३ पानांनी २६ गुणांचा फरक पडेल असं मला वाटत नाही.

---

ओव्हरकोट | गुरुवार, रात्री १२:३०

मला हे "शेरे उघडू नका" तितकंसं पटत नाही. तिसऱ्या वाचनाचं कामच मुळी दोघांत वाद कुठे आहे ते सोडवणं. वाद माहीतच नसेल तर ते तिसरं वाचन नाही, तिसरं पहिलं वाचन झालं. मग दशांश म्हणतात तसं तिसरी चूक.

---

जुना_नियामक | गुरुवार, सकाळी ६:३०

म्हणून दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत काहीही न पाहता गुण लिहायचे, पेनाने, तारीख घालून. दुसऱ्या फेरीत शेरे आणि निकषवार गुण उघडायचे आणि फक्त वादाची पानं पुन्हा वाचायची. गुण बदलावासा वाटला तर बदला, पण जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा आणि कोणत्या पानामुळे बदलला ते लिहा. पान सांगता येत नसेल तर बदलायचा नाही.

---

ओव्हरकोट | गुरुवार, सकाळी ११:४०

पानाची अट आवडली. पण दुसऱ्या फेरीत बदलायची मुभा असेल तर मोठ्या माणसाच्या शेऱ्याचं वजन पडणारच. पान काय, शोधलं की सापडतं. यावर आपलं एकमत होणार नाही, चर्चेअंतीसुद्धा.

---

दशांश | गुरुवार, रात्री ९:००

अवांतर. १९१२ साली स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अमेरिकेतल्या शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून परत पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला साठीच्या आतले गुणही होते आणि नव्वदीच्या वरचेही. लोक म्हणाले, इंग्रजीचं काय, भाषा आहे, चालायचंच. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे तर फरक आणखी मोठा निघाला, कारण कोणी आकृती नीट नाही म्हणून गुण कापले, कोणी पायऱ्या वगळल्या म्हणून, कोणी नुसतं उत्तर पाहिलं.

म्हणजे नियामक सर, तुमचं कापड आणि वजन मी थोडं मान्य करतोय.

---

पुरवणी | रविवार, रात्री १०:१५

पहिली फेरी झाली. पाच दिवस, पाच कागद. आज सगळे कागद उलटे केले आणि बेरीज केली. विषयमांडणी १०, पूर्वसाहित्य १४, पद्धत १७, विश्लेषण १६, लेखन ६. एकूण ६३.

बेरीज करताना हात थरथरत होता हे कबूल करते. मनात ६१ चा आकडा घर करून होता.

उद्या परीक्षा विभागाकडून शेरे आणि निकषवार गुण घेते.

---

पुरवणी | सोमवार, संध्याकाळी ७:००

मिळाले. पहिल्यांचे ११, १५, १८, २३, ७. दुसऱ्यांचे ९, १२, ६, १५, ६.

म्हणजे पहिल्या दोन निकषांत आणि लेखनात मिळून फरक फक्त ६ चा आहे. पद्धतीत १२ आणि विश्लेषणात ८. २६ पैकी २० या दोन जागी.

दुसऱ्यांचा शेरा: "नमुना अपुरा. साधन जोडलेले नाही. निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येत नाही." पहिल्यांचा शेरा: "अत्यंत मेहनतीने केलेले क्षेत्रकार्य. भाषा ओघवती."

"साधन जोडलेले नाही" हे त्यांच्या फाइलपुरतं खरंच होतं.

---

रानवाट | सोमवार, संध्याकाळी ७:२५

"नमुना अपुरा". बघा, आलाच शेवटी! किती मुलाखती आहेत?

---

पुरवणी | सोमवार, रात्री ८:४०

अठरा. आणि तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिचा प्रश्न असा आहे की उचल नवऱ्याच्या हातात पडते तेव्हा बाईला त्या पैशाबद्दल काय माहीत असतं आणि ती तो हिशोब कसा सांगते. या प्रश्नाला अठरा लांब मुलाखती पुरेशा आहेत. उलट दोनशे बायकांना "उचल किती? हो की नाही?" विचारून हे हाती लागलंच नसतं. एका बाईने उचलीचा आकडा सांगितला नाही, पण किती खेपा टाकल्या की फिटते ते बोटांवर मोजून सांगितलं. कोणत्या प्रश्नावलीत हा रकाना असणार? तेव्हा पद्धतीला ६ देणं मला पटत नाही, परिशिष्ट नसतानाही नाही.

पण त्या अठराही जणी एकाच मुकादमाच्या टोळ्यांतल्या आहेत. मुकादमाच्याच ओळखीने भेटल्या. उचलीबद्दल विचारायचं आणि ज्याने उचल दिली त्याच्यामार्फत जायचं! पान ३८ वर मुलीने ही मर्यादा स्वतःच लिहिली आहे, प्रामाणिकपणे. त्यासाठी मी पद्धतीत गुण दिले, पहिल्यांनीही दिले असणार.

मग पान ६२ वर ती लिहिते, "३३.३ टक्के महिलांना उचलीची रक्कम ठाऊक नव्हती." अठरापैकी सहा. आणि पान ७१ वर: "मराठवाड्यातील एक तृतीयांश ऊसतोड महिला उचलीच्या रकमेबाबत अनभिज्ञ आहेत."

पान ३८ वर कबूल केलेली मर्यादा पान ७१ वर विसरली. शेवटचं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. मार्गदर्शकांनी विश्लेषणाला २३ दिले तेव्हा हे पान त्यांच्या नजरेतून सुटलं असावं. दुसरे "सामान्यीकरण करता येत नाही" म्हणाले ते इथे अगदी खरं आहे, फक्त त्यांनी त्याची शिक्षा पद्धतीला दिली.

---

रानवाट | सोमवार, रात्री ९:०५

अठरात सहा म्हणजे ३३.३ टक्के, दशांश चिन्हासकट? अरेरे. हे मीसुद्धा नाही वाचवू शकत. पण मार्गदर्शकांनी हे वाचायला नको होतं का?

---

जुना_नियामक | सोमवार, रात्री ९:३०

हा प्रश्न तुमच्या-माझ्यात ठेवा, अहवालात नको.

ताई, तुमचा अहवाल तयारच आहे, वर लिहिलात तोच. मसुदा टाका.

---

पुरवणी | मंगळवार, दुपारी १:५०

मसुदा:

"गुण ६३. पहिल्या दोन परीक्षकांच्या गुणांतील फरक मुख्यतः पद्धत आणि विश्लेषण या निकषांत आहे. पद्धत (१७/२५): अठरा सखोल मुलाखती हा मार्ग संशोधनप्रश्नाला साजेसा आहे. मुलाखत-सूची आणि संमतीपत्र परिशिष्टात आहे (पृ. ८५ पासून पुढे). सर्व सहभागी एका मुकादमामार्फत आल्याची मर्यादा पृ. ३८ वर नोंदवली आहे, मात्र ती ओलांडण्याचा प्रयत्न दिसत नाही. विश्लेषण (१६/३०): पृ. ४५ ते ५९ वरील मुलाखतींची मांडणी बारकाईची आहे. पृ. ६२ वर अठरा व्यक्तींची टक्केवारी काढली आहे आणि पृ. ७१ वर तिच्या आधारे संपूर्ण मराठवाड्याबद्दल विधान केले आहे. ते पृ. ३८ शी विसंगत असून शेवटच्या प्रकरणाचा पाया त्यामुळे ढासळतो. दुसऱ्या परीक्षकांनी गुणात्मक संशोधनाच्या बाबतीत अन्याय्य भूमिका घेतली आहे. उरलेल्या निकषांत तिघांच्या गुणांत लक्षणीय फरक नाही."

---

जुना_नियामक | मंगळवार, दुपारी ३:२०

"अन्याय्य भूमिका" वाक्य काढा. अहवाल लघुप्रबंधाबद्दल आहे, परीक्षकाबद्दल नाही. तुम्ही १७ का दिलेत ते लिहिलंय, एवढ्यात ६ का नाहीत हे आपोआप आलं.

एक ओळ वाढवा: दोन्ही परीक्षकांचे एकूण गुण वाचनापूर्वी आपल्याला ठाऊक होते. खरं आहे ते लिहिलेलं बरं.

आणि जमलं तर परीक्षा विभागाला एवढं विचारा, की याच बाहेरच्या परीक्षकांचे बाकीचे लघुप्रबंध कसे गेले? सगळीकडेच पंधरा-वीस कमी असतील तर ते एका मुलीचं प्रकरण नाही. मग आख्खा गठ्ठा पाहावा लागेल.

---

पुरवणी | शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

ते वाक्य काढलं, ओळ वाढवली, अहवाल दिला.

बाहेरच्या परीक्षकांकडे एकूण नऊ लघुप्रबंध होते. बाकीच्या आठांत त्यांचे गुण पहिल्या परीक्षकापेक्षा ३ ते ६ ने कमी आहेत. म्हणजे हात थोडा आखडता आहे, पण सगळीकडे सारखा. २६ फक्त इथेच. आठही लघुप्रबंध प्रश्नावलीवाले आहेत, हे रानवाट यांच्यासाठी.

निकाल नियमाप्रमाणे लागला. ६३ ला ७४ जवळ, म्हणून सरासरी ६८.५. परिशिष्ट पाठवून पुन्हा गुण मागवायची गरज नाही, तिसरं वाचन झालंय, असं परीक्षा विभागाचं म्हणणं.

---

ओव्हरकोट | शुक्रवार, रात्री ११:१५

म्हणजे कारणं देऊन तुम्ही ६३ म्हणालात आणि निकालात लागले ६८.५. पान ७१ बद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याची किंमत अर्धी झाली. तुमच्या अहवालाचा उपयोग कोणत्या दोघांना जोडायचं एवढ्यापुरताच झाला. आमच्याकडे असतं तर ६३ च राहिले असते.

---

जुना_नियामक | शनिवार, सकाळी ७:००

आणि तिसरा लहरी निघाला तर त्याचाच शब्द अंतिम राहिला असता. जवळच्या दोघांचा नियम एका माणसाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून आहे. तो खडबडीत आहे, हे दशांशांनी दाखवलंच. पण जिथे अहवाल कोणी वाचतच नाही तिथे तो बरा पडतो. अहवाल वाचणारं मंडळ असेल तर ओव्हरकोट म्हणतात ते मी मान्य करेन. इथे ते आहे का, मला शंका आहे.

---

दशांश | शनिवार, सकाळी १०:२०

ताई, राग मानू नका, पण विचारतोच. रविवारी कागद उलटे केल्यावर बेरीज ६० आली असती तर काय केलं असतंत?

---

पुरवणी | शनिवार, रात्री १०:४०

राग कसला. आठवडाभर हाच विचार करतेय.

६० आली असती तर मी बेरीज पुन्हा तपासली असती. आणि नंतर बहुतेक पद्धतीचा कागद पुन्हा वाचला असता, १७ चे १९ होतायत का बघायला. ६३ आली तेव्हा मी काहीच पुन्हा तपासलं नाही. कागद गोळा केले आणि चहा टाकला.

---

जुना_नियामक | शनिवार, रात्री १०:५५

मग आता तपासा.

---

पुरवणी | शनिवार, रात्री ११:२५

१०, १४, १७, १६, ६. बेरीज ६३च आहे. पण विश्लेषणाच्या कागदावर १६ च्या आधी १८ लिहून खोडलेला दिसतोय, आणि तो मी कोणत्या पानामुळे खोडला ते आता आठवत नाहीये.